रजेचा ऑटो-रिप्लाय: ‘२५ पर्यंत’ म्हणजे नक्की कधी?

कुपवाडच्या एमआयडीसीत आमचं कास्टिंगचं युनिट आहे. दिवाळीच्या आधी ऑफिसातल्या सगळ्यांचे ऑटो-रिप्लाय मी स्वतः वाचून बघतो. पोरं म्हणतात, "साहेब, दोन ओळी तर असतात, त्यात काय बघायचं?" त्या दोन ओळींनी एकदा आम्हाला गाडीभाडं भरायला लावलंय, म्हणून बघतो.

डिस्पॅचच्या आमच्या माणसानं लिहिलं होतं, ‘२५ ऑक्टोबरपर्यंत रजेवर आहे. अर्जंट असल्यास सहकाऱ्याशी संपर्क साधावा.’ खाली सहकाऱ्याचा ई-मेल. २५ ला शनिवार होता. त्याच्या हिशोबानं शनिवारही रजेत, रविवारी सुट्टी, म्हणजे हजर होणार सोमवारी २७ ला. पुण्याच्या ग्राहकानं वाचलं की गडी २५ ला येतोय. त्यानं गुरुवारी मेल टाकला होता की शनिवारच्या गाडीत ४०० ऐवजी २५० नग भरा. ‘शनिवारी सकाळी बघेल’ म्हणून तो निवांत. तरी शुक्रवारी त्यानं खात्रीसाठी सहकाऱ्यालाही मेल केला. सहकारी भाऊबीजेला आटपाडीला, आणि त्याचा ऑटो-रिप्लाय सांगतोय की डिस्पॅचवाल्याला विचारा! शनिवारी स्टोअरनं जुन्या कागदावर ४०० नग भरले. १५० परत आले, भाडं आमच्या खिशातून.

यात दोन चुका आहेत. पहिली ‘पर्यंत’. मराठीत ‘२५ पर्यंत’ म्हटलं की २५ धरून की सोडून, यावर दोन माणसांचं एकमत होत नाही. म्हणून रजा कधी संपते ते लिहूच नका, हजर कधी होणार ते लिहा, आणि वारासकट: ‘सोमवार, २७ ऑक्टोबरला कामावर हजर.’ वार असला की तारखेची चूकही लगेच पकडली जाते. ‘पुढच्या सोमवारी’ तर मुळीच नको, कारण मेल कुठल्या दिवशी वाचला जाईल हे तुमच्या हातात नाही. परदेशी ग्राहक असेल तर महिना अक्षरात.

जीमेलच्या `Vacation responder` मध्ये `Last day` म्हणून एक रकाना आहे. तिथल्या तारखेच्या रात्री ११:५९ ला उत्तर बंद होतं. उतावीळ मंडळी तिथं हजर होण्याची तारीख टाकतात आणि मजकुरात रजेची शेवटची, किंवा उलटं, आणि दोन्हींचा मेळ घालायचं विसरतात. माझी सवय वेगळी आहे. मजकुरात ‘२७ ला हजर, उत्तर २८ च्या संध्याकाळपर्यंत’ असं लिहितो आणि रकान्यातही २७ टाकतो, कारण पहिला दिवस साठलेले मेल उपसण्यातच जातो. रजा वाढली तर दोन्हीकडे बदलायचं, एकीकडे नाही.

दुसरी चूक पर्यायी माणसाची. त्याला न विचारता नाव टाकणं हा आळस आहे. मी आधी फोन करून तीन गोष्टी विचारतो: त्या दिवसांत तू स्वतः आहेस ना, तुझ्या ऑटो-रिप्लायमध्ये कुणाचं नाव आहे, आणि गाडीतले नग बदलायचा अधिकार तुला आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल तर तो नुसता निरोप्या. ‘अर्जंट असल्यास’ हेही काढून टाका, प्रत्येकाला आपलंच काम अर्जंट वाटतं. कामानुसार लिहा: गाडी व नगांचे बदल अमुक यांच्याकडे, बिलं अकाउंट्सकडे, आणि सोबत ऑफिसचा नंबर.

तपशील किती द्यावा? एकानं लिहिलं होतं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत, आठ दिवस घर बंद. हा मजकूर अनोळखी विक्रेत्यालाही जातो, बाबा! ‘रजेवर आहे’ एवढं पुरतं. आउटलुकमध्ये ऑफिसातल्यांसाठी आणि बाहेरच्यांसाठी वेगळे मजकूर ठेवता येतात. पण आतला मजकूर लिहून बाहेरचा चालूच केला नाही, तर ग्राहकाला काहीच जात नाही.

शेवटी दुसऱ्या खात्यावरून मेल टाकून बघाच. पहिल्यांदा उत्तर आलं, दुसऱ्यांदा नाही, म्हणून बिघडलं असं समजून सगळं खोडून पुन्हा लिहिणारे मी पाहिलेत. जीमेल एकाच माणसाला सहसा चार दिवसांत एकदाच उत्तर देतं. मजकूर बदललात तर मात्र त्याच्या पुढच्या मेलला नवं उत्तर जातं. पहिल्यांदाही आलं नाही, तर फक्त `Contacts` मधल्यांनाच उत्तर द्यायच्या चौकटीवर टिक राहिली आहे का ते बघा. नवा ग्राहक तिथंच अडकतो.