परफेक्ट बाइंडिंग : कव्हरचा रंग स्पाइनवर चढत होता, तो कसा थांबला

२४० पानांचं, १४० × २१६ मिमी आकाराचं पुस्तक. नमुना प्रत आली तेव्हा मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ, दोन्हींचा निळा रंग पांढऱ्या स्पाइनवर दीड-दीड मिमी चढलेला. स्पाइन मी १२ मिमी धरली होती, कारण ८० जीएसएमचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. रंगाची कड हलवून पाहिली, तर दुमड चुकीच्या जागी दिसू लागली. दोन प्रती वाया गेल्या, फार चिडचिड झाली.

चूक जीएसएममध्ये होती. ते वजन आहे, जाडी नव्हे. आमचा कागद बल्की होता. प्रेसमधून त्याच कागदाचे १०० ताव मागवले, घट्ट दाबून व्हर्नियरने मोजले: १२ मिमी, म्हणजे एक ताव ०.१२. पानं २४० असली तरी ताव १२०च, हे विसरू नका, नाहीतर स्पाइन दुप्पट येते. कव्हरचं कार्ड ०.३ मिमी, दोन्ही बाजूंना.

```
स्पाइन = 120 × 0.12 + 2 × 0.3 = 15 मिमी
रुंदी  = 140 + 15 + 140 = 295 मिमी
उंची   = 216 मिमी
```

मग २९५ × २१६ चं एकच पान केलं, चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड. डावीकडून १४० आणि १५५ मिमीवर गाइड, डावीकडे मलपृष्ठ. पीडीएफ ब्लीडसह ३०१ × २२२ निघाली. ए३ वर `Actual size` ने छापून कोऱ्या डमीभोवती गुंडाळली, दुमडी कडांवर बरोबर बसल्या. स्पाइनवरच्या अक्षरांना दोन्ही बाजूंनी २ मिमी मोकळे ठेवलेत, कारण बाइंडिंगमध्ये कव्हर थोडं सरकतंच.