निहालीच्या दस्तऐवजीकरणाचा प्रस्ताव: सारांशातल्या या चुका टाळा

भाषेच्या दस्तऐवजीकरणासाठी अनुदान मागताना दीड-दोन पानांचा सारांश परीक्षक सगळ्यात आधी वाचतात. त्यातले आकडे एकमेकांशी जुळले नाहीत, तर पुढची वीस पानं फारशी उपयोगी पडत नाहीत. खानदेशातून जवळ असलेल्या निहालीचं उदाहरण घेऊन हे पाहू. जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेला, सातपुड्याच्या पायथ्याशी बुलढाणा जिल्ह्यातल्या काही गावांत आणि मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरकडच्या टेंभीच्या आसपास ही भाषा बोलली जाते. ती कोणत्याही ज्ञात भाषाकुळात बसत नाही.

पहिल्याच परिच्छेदात पाय घसरतो

"जळगाव परिसरातील निहाली" असं लिहू नका. निहाली जळगाव जामोद तालुक्यात आहे आणि तो तालुका बुलढाण्यात येतो. बाहेरचा परीक्षक नकाशावर जळगाव शहर शोधतो, तिथे निहाली सापडत नाही आणि तुम्ही गावात गेलाच नसाल अशी शंका त्याला येते. गावांची नावं लिहा. जामोद-सोनबर्डीकडची निहाली आणि कुवरदेव-चालठाण्याकडची निहाली यांत फरक आहे. त्यामुळे कोणती घेणार, की दोन्ही घेणार, हेही पहिल्या परिच्छेदातच सांगून टाका.

दुसरी घसरण भाषकसंख्येची. "जनगणनेनुसार" म्हणून निहालीचा आकडा देता येत नाही, कारण दहा हजारांपेक्षा कमी भाषक असलेल्या भाषा जनगणनेच्या प्रसिद्ध तक्त्यांत वेगळ्या दाखवत नाहीत. साधारण 2,000 हा आकडा सगळीकडे फिरतो, पण तो 1991 च्या सुमाराचा अंदाज आहे आणि तसाच सांगावा. त्यापुढे तुमच्या पाहणीतलं लिहा: कोणत्या गावात किती घरांत मुलं अजून निहाली बोलतात.

"या भाषेवर आजवर काहीच काम झालेलं नाही" हे वाक्य तर काढूनच टाका. 1906 साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात ती मुंडा भाषांच्या खंडात कोरकूसोबत घातली गेली, 1962 मध्ये कायपर यांचा तौलनिक अभ्यास आला आणि 2014 मध्ये के. एस. नागराज यांचं पुस्तक आलं. व्याकरण आणि शब्दसंग्रह छापील असताना त्याच गोष्टी पुन्हा मागितल्या, तर पैसे मिळत नाहीत. तुम्ही आणणार ते घरातलं संभाषण, कामाच्या वेळचं बोलणं आणि ऐकता येतील अशा, वेळेशी जोडलेल्या नोंदी असाव्यात. सारांशात हा फरक एका वाक्यात दिसला पाहिजे.

मराठीतून विचारलं की कोरकू मिळते

भाषकाला समोर बसवून शब्द आणि वाक्यं विचारून काढणं, म्हणजे एलिसिटेशन. त्यासाठी प्रस्तावात "207 शब्दांची यादी आणि 500 वाक्यं मराठीतून विचारून घेऊ" एवढीच योजना लिहिलेली असते. निहाली भाषकांना कोरकू, मराठी आणि हिंदी येतात. पिढ्यान्‌पिढ्या ते कोरकूंच्या शेतावर राबत आले आहेत. ओसरीवर कोरकू शेजारी किंवा दुभाष्या बसलेला असला की बोलणारा नकळत त्याच्या भाषेकडे वळतो. "पाण्याला काय म्हणता?" याला निहालीचं "जोप्पो" येण्याऐवजी कोरकूचं "दा" येऊ शकतं. यादी हाती असलेल्याला दोन्ही उत्तरं सारखीच खरी वाटतात.

संख्यांवरूनही फसगत होते. निहालीतले दोन, तीन, चार हे शब्द द्राविडी भाषांच्या जवळचे दिसतात आणि पाचपासून पुढे हिंदी-मराठी वळण येतं. म्हणजे यादीत कुठलंसं ओळखीचं रूप आलं म्हणून माणसानं आयत्या वेळी भाषा बदलली असं लगेच ठरवता येत नाही. उसना शब्द भाषेत मुरलेला असू शकतो.

म्हणून सारांशात क्रम लिहा. आधी मोकळं बोलणं टिपायचं: मोहाची फुलं वेचताना, घर शाकारताना, दोन म्हाताऱ्या गप्पा मारताना. त्यात आलेले शब्द यादीतल्या उत्तरांशी पडताळायचे आणि विचारणीची सत्रं त्यानंतर ठेवायची. विचारताना मराठी वाक्याचं भाषांतर मागू नका. वस्तू किंवा चित्र दाखवा, नाहीतर गोष्टीतलं वाक्य ऐकवून "हे उद्या घडणार असेल तर कसं म्हणाल?" असं विचारा. प्रत्येक शब्द निदान तीन भाषकांकडून, वेगवेगळ्या दिवशी घ्यायचा. सत्राला कोण कोण हजर होतं हे नोंदीत लिहायचं, कारण चुकीचा शब्द शोधायला पुढे तीच नोंद उपयोगी पडते.

ध्वनिमुद्रण: यंत्राच्या नावापेक्षा जागा महत्त्वाची

सारांशात रेकॉर्डरचं मॉडेल लिहून फारसा फायदा नसतो. "डब्ल्यूएव्ही, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, स्टिरिओ" एवढं पुरतं. असा एक तास साधारण 1.04 गिगाबाइटचा होतो, म्हणजे तीस तासांना 31 गिगाबाइट. फोनवर एमपी3 करून व्हॉट्सॲपने मागवलेला आवाज अर्काइव्हला चालत नाही. दाबलेल्या फाइलमधली माहिती पुन्हा डब्ल्यूएव्ही केली तरी परत येत नाही.

खरी अडचण असते ती ऋतूची. पेरणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत लोक घरी नसतात. म्हणून बरेच जण मार्च ते मे निवडतात आणि मग पंखा-कूलरची घरघर आणि पत्र्याची कडकड सगळ्या मुद्रणात येते. ती नंतर गाळायला गेलं की स, श यांसारख्या घर्षक ध्वनींचाही काही भाग जातो. वेळ सकाळी सहा ते नऊ, जागा कुडाची किंवा मातीची खोली, माइक तोंडापासून वीतभर. आवाजाची पातळी आपोआप बदलण्याची सोय बंद आणि बोलण्याची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय सत्र सुरू करायचं नाही. हे सगळं सारांशात चार ओळींत मावतं.

बहुतेक प्रस्ताव इथे कोसळतात

समजा मसुद्यात असं वाक्य आहे: "बारा महिन्यांत 100 तास मुद्रण करून संपूर्ण लिप्यंतरण, मराठी भाषांतर आणि शब्दागणिक व्याकरणिक टिपा देऊ." माणसं दोन: एक संशोधक पूर्ण वेळ, एक निहाली भाषक अर्धा वेळ.

एका तासाच्या मुद्रणाचं लिप्यंतरण आणि भाषांतर करायला भाषकासोबत बसून सुमारे 40 तास धरावेत. व्याकरणिक टिपांना आणखी 60. हा अंदाज भाषेनुसार बदलतो. म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी पाच मिनिटांचा तुकडा घेऊन घड्याळ लावून बघा आणि तो आकडा वापरा. आपल्या 40 आणि 60 नुसार 100 तासांना 10,000 तास लागतात.

आता हातात किती आहेत? संशोधकाचे बारापैकी तीन महिने गावात, दीड महिना तयारी-प्रशिक्षणात, दीड महिना अर्काइव्हच्या कामात जातो. उरले सहा. महिन्याला 20 दिवस आणि दिवसाला सहा तास धरले तर 720. भाषकाचे सहा महिने, दिवसाला तीन तास, म्हणजे 360.

अडचण इथेच आहे. लिप्यंतरणाला दोघांना एकत्र बसावं लागतं, त्यामुळे मर्यादा संशोधकाच्या 720 तासांची नसून भाषकाच्या 360 ची आहे. 360 ला 40 ने भागलं की नऊ तास येतात. त्यात संशोधकाचेही 360 खर्च होतात आणि 360 उरतात. तीन तासांच्या टिपांना 180 लागले, तर तपासणी आणि शब्दकोशासाठी 180 शिल्लक राहतात. दुरुस्त सारांश असा: "30 तास मुद्रण, सगळ्याची नोंद आणि गोषवारा, त्यातील 9 तासांचं लिप्यंतरण व मराठी भाषांतर, त्यातील 3 तासांच्या शब्दागणिक टिपा."

आकडे लहान झाले तरी परीक्षकाला ते खरे वाटतात. जास्त लिप्यंतरण हवं असेल, तर वाढवायची ती भाषकाची मजुरी आणि तास. बहुतेक अर्थसंकल्पांत नेमकी हीच ओळ सगळ्यात बारीक असते आणि ते आम्हाला चुकीचं वाटतं. निदान शेतमजुरीच्या दराइतकं तरी धरा, कारण त्या दिवसाची मजुरी सोडूनच तो माणूस तुमच्यासोबत बसतो.

ॲनोटेशन इलान या सॉफ्टवेअरमध्ये करणार असाल, तर पट्ट्या आधी ठरवा: देवनागरी लिप्यंतरण, ध्वनिलिपी, मराठी भाषांतर, इंग्रजी भाषांतर. टिपांसाठी ते फ्लेक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचं असेल, तर पाच मिनिटांचा तुकडा तिकडे नेऊन परत आणून बघा. परतताना पट्ट्यांची नावं बिघडली, तर पूर्वीचं काम वाया जातं. टायपिंग युनिकोडमध्येच करा. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेलं इलानमध्ये निरर्थक अक्षरांचा ढीग होऊन उघडतं, आणि हे बहुतेकदा शेवटच्या महिन्यात लक्षात येतं. फाइलींची नावं मात्र रोमन लिपीत, एकाच साच्यात ठेवा. `nll` हा निहालीचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे.

```
nll_20260214_sonbardi_01.wav
nll_20260214_sonbardi_01.eaf
```

"शेवटी सगळं अपलोड करू"

गूगल ड्राइव्ह, यूट्यूब किंवा विभागातल्या हार्ड डिस्कला अर्काइव्ह म्हणता येत नाही. अर्काइव्ह म्हणजे फाइलींचा स्वरूपबदल आणि जतन यांची जबाबदारी घेणारी संस्था. तिच्याशी अर्जापूर्वी बोला आणि "हे साहित्य स्वीकारू" असं पत्र मिळवा. काही देणगीदार आपलंच अर्काइव्ह ठरवून देतात, ते नियम आधी वाचा. प्रत्येक गावफेरीनंतर महिन्याभरात साहित्य जमा करायचं, असं वेळापत्रकात टाका. शेवटच्या महिन्यावर टाकलेली फाइल नोंदीविना राहते, आणि नोंदीविना फाइलीत कोण बोलतंय हे वर्षभराने कुणालाच सांगता येत नाही. जागाही मोजा. 30 तास ध्वनी आणि दहा तास व्हिडिओ मिळून साधारण 140 गिगाबाइट होतील (व्हिडिओ सेकंदाला 24 मेगाबिटने धरला तर), आणि तीन प्रती लागतात.

निहालीपुरती एक गोष्ट वेगळी आहे. बाहेरच्यांना कळू नये म्हणून ही भाषा आपापसांत वापरली जाते, असं तिच्याबद्दल नोंदलेलं आहे. "सर्व साहित्य सर्वांसाठी खुलं" असं एका वाक्यात लिहून टाकलं, तर गावाला तो विश्वासघात वाटेल. संमती एकदाच सही घेऊन घेऊ नका. मुद्रण ऐकवून, प्रत्येक फाइलीसाठी विचारा: सर्वांसाठी खुली, फक्त समाजासाठी, की बंद. कागद न वाचता येणाऱ्यांची संमती ध्वनिमुद्रित घ्या, निहालीत किंवा कोरकूत. आणि माणसाने नंतर मन बदललं तर फाइलीच्या खुलेपणाचा स्तर कोण आणि किती दिवसांत बदलेल, हेही सारांशात लिहा.