टॉकचा अॅब्स्ट्रॅक्ट पाठवण्याआधीची तयारी: पाच वाक्यं आणि तीन टेकअवे

कॉन्फरन्सला टॉक सुचवण्याचा, म्हणजे सीएफपीचा, फॉर्म उघडण्याआधी एक कोरा कागद घ्या, आणि त्यावर टॉकचा विषय लिहू नका. आधी एक माणूस लिहा: तुमचा टॉक ऐकून सोमवारी ऑफिसला जाणारा. तो काय काम करतो, काय त्याला आधीच येतं, कुठे अडतो. माझ्या कागदावर लिहिलं होतं: "जँगोवर दोन-तीन वर्षं काम केलेली, मायग्रेशन रोज चालवणारी, पण पोस्टग्रेसच्या आत काय होतं ते कधी बघायची वेळ न आलेली." हा माणूस ठरला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. कुठला शब्द समजावून सांगायचा आणि कुठला तसाच ठेवायचा, हे त्याच्याकडे बघून कळतं.

दुसरी गोष्ट जवळ हवी ती म्हणजे घडलेला प्रसंग, तपशिलासकट. माझा प्रसंग असा होता. ऑर्डरच्या टेबलात एक कॉलम वाढवायचा होता. कॉलम रिकामा राहिला तरी चालणारा, म्हणजे पोस्टग्रेसला काही मिलिसेकंदांचं काम. पण नेमका त्याच वेळी त्याच टेबलावर एक लांबलचक रिपोर्ट चालू होता. `ALTER TABLE` ला त्या टेबलावरचा सगळ्यात कडक लॉक, `ACCESS EXCLUSIVE`, लागतो, आणि रिपोर्ट संपेपर्यंत तो मिळणार नव्हता. म्हणून ते थांबून राहिलं. आणि त्याच्यानंतर आलेली प्रत्येक साधी `SELECT` सुद्धा त्याच्या मागे रांगेत थांबली. अकरा मिनिटं साइट बंद होती, आणि सर्व्हरवर भार जवळजवळ काहीच नव्हता. हे सगळं कागदावर उतरवून ठेवा. अॅब्स्ट्रॅक्टमध्ये यातलं एकच वाक्य जाणार आहे, पण ते वाक्य कशातून काढायचं ते समोर असायला हवं.

आता टेकअवे, म्हणजे टॉक ऐकून श्रोता सोबत काय घेऊन जाणार ते. इथे घाई करू नका, कारण बहुतेक अॅब्स्ट्रॅक्ट इथेच फसतात. माझा पहिला मसुदा असा होता: "मोठ्या सिस्टिममध्ये डेटाबेस मायग्रेशन हा गुंतागुंतीचा विषय आहे. या टॉकमध्ये आपण पोस्टग्रेसमधले लॉक, जँगो मायग्रेशन, त्यातल्या अडचणी आणि चांगल्या पद्धती यांची चर्चा करू. श्रोत्यांना लॉकिंगची सखोल ओळख होईल." यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या हाती काय पडणार तेही नाही. क्रियापदं बघा: चर्चा करू, ओळख होईल. चर्चा करणारी मी आहे, आणि ओळख झाली की नाही हे बाहेरून कुणालाच दिसत नाही. तपासायची खूण एवढीच, की टेकअवेचं क्रियापद श्रोत्याचं असावं आणि ते काम करताना तो दिसावा. शोधता येईल, लिहिता येईल, ठरवता येईल, नाकारता येईल, ही क्रियापदं चालतात. समजेल, कळेल, जाणीव होईल, ही टेकअवेच्या वाक्यात आली की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, "समजल्यावर तो वेगळं काय करेल?" त्या प्रश्नाचं जे उत्तर येईल तोच खरा टेकअवे.

मी "लॉकची ओळख होईल" याला हा प्रश्न विचारला. उत्तर आलं, की साइट अडकली तर कुठल्या क्वेरीमुळे अडकली ते तो शोधेल. कशाने? `pg_stat_activity` मध्ये थांबलेली क्वेरी बघून आणि तिच्या पीआयडीवर `pg_blocking_pids()` चालवून. झाला एक टेकअवे. "चांगल्या पद्धती" याला विचारलं, तेव्हा दोन निघाल्या. पहिली ही ओळ:

```sql
SET lock_timeout = '2s';
```

दोन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर मायग्रेशन स्वतःहून माघार घेतं, मागची रांग मोकळी होते आणि आपण थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो. दुसरी म्हणजे रिव्ह्यूला आलेलं मायग्रेशन वाचून ते तोडायला हवं का ते सांगणं. उदाहरणार्थ, साधा `CREATE INDEX` चालू असेपर्यंत टेबलावरचं लिहिणं अडवून ठेवतो. `CREATE INDEX CONCURRENTLY` अडवत नाही, पण तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही. म्हणून जँगोमध्ये `AddIndexConcurrently` वापरायचं, त्या मायग्रेशनमध्ये `atomic = False` लिहायचं आणि कॉलमचे बदल त्याच्यापासून वेगळे ठेवायचे. हे ज्याला फाइल बघून सांगता येतं, त्याच्या हाती काहीतरी लागलं.

माझ्याकडे चौथा टेकअवेही होता: जुन्या लाखो ओळींत नवा डेटा टप्प्याटप्प्याने कसा भरायचा. तो का गेला ते सांगते, कारण ही तपासणी बरेच जण गाळतात. टेकअवे लिहून झाले की लगेच टॉकची मिनिटं मांडायची. तीस मिनिटांचा स्लॉट, त्यातली पाच प्रश्नांसाठी, उरली पंचवीस. प्रसंग सांगायला चार, रांग कशी लागते आणि ती लावणारा कसा शोधायचा ते चालू डेटाबेसवर दाखवायला सात, `lock_timeout` ला पाच, मायग्रेशन वाचून तोडायला सहा. उरलेल्या तीन मिनिटांत डेटा भरण्याबद्दल तोंडओळखीपलीकडे काही होणार नव्हतं. ज्या टेकअवेला आराखड्यात पाच मिनिटंही मिळत नाहीत, तो अॅब्स्ट्रॅक्टमध्ये लिहायचा नाही, असा माझा नियम आहे. अर्ध्या तासाला तीन टेकअवे पुष्कळ झाले. पाच असतील तर कार्यशाळेचा स्लॉट मागा.

प्रपोजल इंग्रजीत पाठवायचं असलं तरी ही वाक्यं मी आधी मराठीत लिहिते, आणि तुम्हीही लिहून बघा असं मनापासून सुचवते. इंग्रजीत आपल्याला तयार शब्दांची सवय झालेली असते. "डीप डाइव्ह" आणि "बेस्ट प्रॅक्टिसेस" हातातून आपोआप उतरतात. शेजारच्या टेबलावरच्या मित्राला मराठीत सांगताना मात्र "म्हणजे नक्की काय?" हा प्रश्न टाळता येत नाही.

आता लिहायला बसा. पहिलं वाक्य प्रसंगाचं, दुसरं टॉकमध्ये काय दाखवणार त्याचं, तिसरं टेकअवेंचं, चौथं कुणासाठी ते, पाचवं काय घेतलेलं नाही ते. माझा शेवटचा मसुदा असा झाला:

"काही मिलिसेकंदांत व्हावं असं एक `ALTER TABLE` आमची साइट अकरा मिनिटं बंद पाडून गेलं; टेबल मोठं होतं म्हणून नव्हे, तर ते लॉकची वाट बघत थांबलं आणि बाकी सगळ्या क्वेरी त्याच्या मागे अडकल्या म्हणून. ही रांग कशी लागते ते या टॉकमध्ये चालू डेटाबेसवर दाखवते. टॉकनंतर तुम्हाला रांग कुणामुळे अडली ते `pg_blocking_pids()` वापरून शोधता येईल, वेळेत लॉक न मिळाल्यास मायग्रेशन माघार घेईल असा `lock_timeout` लावता येईल, आणि रिव्ह्यूला आलेलं कुठलं मायग्रेशन तोडून वेगळं करायला हवं ते सांगता येईल. जँगोमध्ये मायग्रेशन चालवलेल्या कुणालाही हे झेपेल, लॉकची आधी माहिती असायची गरज नाही. जुन्या ओळींत डेटा भरण्याचा प्रश्न यात घेतलेला नाही."

पहिल्याच वाक्यात कारण सांगून टाकलं आहे, ते मुद्दाम. उत्सुकता राहावी म्हणून अनेक जण उत्तर झाकून ठेवतात: "आणि मग आम्हाला जे सापडलं त्याने आम्ही थक्क झालो." निवड करणाऱ्याला त्यावरून तुमच्याकडे उत्तर आहे की नाही हेच कळत नाही. आणि उत्तर आधी कळलं म्हणून श्रोता यायचा थांबत नाही. त्याला ते स्वतःच्या डेटाबेसवर कसं वापरायचं ते शिकायचं असतं. शेवटच्या वाक्याबद्दलही शंका येते, की जे नाही ते कशाला सांगायचं? डेटा भरण्याचा प्रश्न घेऊन येणारा माणूस निराश होऊन उठण्यापेक्षा त्याला दुसऱ्या हॉलमध्ये जाता यावं, यासाठी.

प्रत्येक टॉकला "येईल" अशा शब्दांत संपणारा टेकअवे बसेलच असं नाही. एखाद्या प्रकल्पाचा अनुभव सांगणाऱ्या टॉकमध्ये कौशल्याऐवजी निर्णय असतो, जसं "कुठल्या परिस्थितीत हा मार्ग घेऊ नये". तोही नेमका लिहिता येतो, फक्त ती परिस्थिती वाक्यात नावानिशी हवी.

मसुदा झाला की दोन तपासण्या. एक, प्रत्येक वाक्यातला विषय बदलून बघा. "पोस्टग्रेस लॉक" च्या जागी "कॅशिंग" घातलं तरी वाक्य तसंच उभं राहत असेल, तर ते काढून टाका. माझ्या पहिल्या मसुद्यातलं "गुंतागुंतीचा विषय आहे" याच चाळणीत गळलं. दोन, कागदावरच्या माणसासारख्या एखाद्या सहकाऱ्याला मसुदा एकदाच वाचून दाखवा आणि तासाभराने विचारा, "या टॉकला गेलास तर तुला काय येईल?" तो "लॉकबद्दल काहीतरी" म्हणाला, तर टेकअवेचं वाक्य परत लिहायचं. तीनपैकी दोन गोष्टी त्याने आपल्या शब्दांत सांगितल्या, तर पुरे.

मग फॉर्म. प्रीटॅल्क्ससारख्या प्रणालीत अॅब्स्ट्रॅक्ट, सविस्तर वर्णन आणि निवड समितीसाठीची टिपणं अशा वेगळ्या चौकटी असतात. अॅब्स्ट्रॅक्ट वेळापत्रकात छापला जातो आणि हॉलबाहेर उभा असलेला माणूस तो फोनवर वाचतो, म्हणून त्यात वरची पाच वाक्यंच. मिनिटांचा आराखडा टिपणांत जातो, कारण तीन टेकअवे खरंच पंचवीस मिनिटांत बसतात हे समितीला तिथेच दिसतं. पहिली फेरी नाव झाकून होणार असेल तर अॅब्स्ट्रॅक्टमधून कंपनीचं आणि आपलं नाव काढलं आहे ना, ते बघा. "आमची साइट" पुरतं. अक्षरांची मर्यादा आधीच मोजा. शेवटच्या क्षणी कापाकापी करताना नेमका टेकअवेचा तपशील उडतो आणि "गुंतागुंतीचा" हा शब्द उरतो. सगळा मजकूर स्वतःच्या फाइलमध्येही ठेवा. टॉक निवडला गेला तर स्लाइड करायला बसताना तिसरं वाक्य त्या फाइलच्या डोक्यावर चिकटवायचं आहे, आणि ज्या स्लाइडचा त्या तीन क्रियापदांशी संबंध नाही ती काढायची आहे.