फोटोडायोड रिसीव्हरचा एसएनआर काढताय? या चुका टाळा

एका कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांनी एलईडीच्या उजेडावरून ऑडिओ पाठवायचा प्रोजेक्ट केला होता. साधाच सर्किट: बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, ऑप-अँप, त्याला १०० किलोओहमचा फीडबॅक रेझिस्टर, १० किलोहर्ट्झची बँडविड्थ आणि पुढे १०० गेनची स्टेज. सिग्नलचा करंट १० नॅनोअँपिअर आरएमएस. कागदावर एसएनआर, म्हणजे सिग्नल आणि नॉइजचं गुणोत्तर, ४६ डीबी येत होता, स्पीकरमधून मात्र सतत खरखर. मग काय, ऑप-अँप बदला! महागातला लो-नॉइज ऑप-अँप मागवला, आठवडाभर वाट पाहिली, लावला. खरखर तशीच.

मी डायोडवर काळी टेप चिकटवली आणि आवाज एकदम बसला. म्हणजे नॉइज ऑप-अँपचा नव्हताच, टेबलाशेजारच्या खिडकीचा होता.

करंट एकेका इलेक्ट्रॉनने वाहतो म्हणून जो नॉइज होतो तो शॉट नॉइज. मुलांनी त्याच्या `√(2qI)` या सूत्रात I म्हणून फक्त सिग्नलचा करंट घातला होता. डायोडला मात्र कुठला इलेक्ट्रॉन एलईडीमुळे सुटला आणि कुठला उन्हामुळे, याच्याशी काही देणंघेणं नसतं. I म्हणजे डायोडमधून जाणारा एकूण डीसी करंट. तो खिडकीच्या उजेडामुळे २० मायक्रोअँपिअर होता.

आता हिशेब करा. १०० किलोओहमचा थर्मल नॉइज करंट `√(4kT/R)`, म्हणजे ०.४१ पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ. फिल्टर एकाच पोलचा असल्यामुळे नॉइज बँडविड्थ १० नव्हे, १५.७ किलोहर्ट्झ धरायची (हा १.५७ चा गुणक विसरणारेही भरपूर आहेत). एकूण थर्मल नॉइज ५१ पिकोअँपिअर. अंधारात तोच मुख्य, म्हणून ४६ डीबी. २० मायक्रोअँपिअरचा शॉट नॉइज मात्र २.५ पिकोअँपिअर प्रति रूट हर्ट्झ, म्हणजे एकूण ३१७. दोन्हींचे वर्ग करून बेरीज केली आणि वर्गमूळ काढलं की ३२१ पिकोअँपिअर. एसएनआर उरला ३० डीबी. सोळा डीबी खिडकीने खाल्ले, आणि त्यात ऑप-अँप बिचारा काय करणार?

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे "सर, पुढे कपलिंग कपॅसिटर आहे ना, तो डीसी अडवतोच." डीसी अडवतो हो. पण त्या करंटमधला चढउतार डायोडमध्येच झालेला असतो आणि तो तुमच्या ऑडिओच्याच पट्ट्यात पसरलेला असतो. कपॅसिटरला तो सिग्नलपासून वेगळा काढता येत नाही. उपाय डायोडच्या अलीकडेच करायला हवा: एलईडीच्या रंगापुरता ऑप्टिकल फिल्टर, किंवा डायोडवर काळी नळी, म्हणजे त्याला फक्त एलईडी दिसेल. मी नळीपासूनच सुरुवात करतो, फुकट असते.

माझी सवय सांगतो. कॅल्क्युलेटर उघडण्याआधी मल्टिमीटर लावायचा आणि कपॅसिटरच्या आधी, पहिल्या ऑप-अँपच्या आउटपुटला डीसी व्होल्टेज बघायचं. फीडबॅक रेझिस्टरवर साधारण ५० मिलिव्होल्ट पडत असतील तर थर्मल आणि शॉट नॉइज बरोबरीला येतात, कारण `IR = 2kT/q`. त्याहून बरंच कमी असेल तर रेझिस्टरकडे बघा, बरंच जास्त असेल तर उजेडाकडे. वरच्या केसमध्ये तिथे २ व्होल्ट होते! हे एक रीडिंग घेतलं असतं तर ऑप-अँपचे पैसे वाचले असते.

दुसरी चूक याहून चिवट आहे: "मोठ्या रेझिस्टरचा नॉइज जास्त, म्हणून छोटा लावला." व्होल्टेज नॉइज जास्त, हे खरं. पण तो R च्या वर्गमुळाने वाढतो, तर सिग्नल सरळ R च्या पटीत. अंधारातल्या त्याच सर्किटमध्ये १०० च्या जागी १० किलोओहम लावा: आउटपुटचा नॉइज ३.१६ पटीने उतरतो आणि स्कोपवर रेष बारीक दिसते म्हणून मुलं खूश होतात, सिग्नल मात्र दहा पटीने उतरलेला असतो. एसएनआर ४६ वरून ३६. नुसता नॉइज बघून निर्णय घ्यायची ही घाई मला अजिबात पटत नाही. बँडविड्थ आणि डीसीमुळे होणारं सॅच्युरेशन सांभाळून R जेवढा मोठा ठेवता येईल तेवढा ठेवा.

बाकीच्या किरकोळ. नॉइज सरळ बेरजेने जोडू नका. स्कोपवरचं पीक-टू-पीक म्हणजे आरएमएस नव्हे. आरएमएसच्या अंदाजासाठी पीक-टू-पीकला सहाने भागा. शॉट नॉइजचं सूत्र मेटल फिल्म रेझिस्टरला लावू नका, तिथे इलेक्ट्रॉन डायोडच्या जंक्शनसारखे एकेकटे अडथळा ओलांडत नाहीत. तापमान २९० केल्विन घ्यावं की ३००, यावर वाद घालू नका, फरक ०.१५ डीबीचा आहे.

आणि हा सगळा हिशेब ऑडिओपुरता. मेगाहर्ट्झमध्ये गेलात की डायोडच्या कपॅसिटन्समुळे ऑप-अँपचा व्होल्टेज नॉइज वर येतो. तिथे मात्र तो महागातला ऑप-अँप खुशाल मागवा.