६५ वॅटचा चार्जर, तरी फोन रांगतोय? या चुका टाळा

“मामा, चार्जर नवा घेतला, केबल नवी घेतली. आता काय फोनच नवा घेऊ?” खानापूरहून आलेल्या कॉलेजच्या पोरानं काउंटरवर तिन्ही वस्तू मांडल्या. फोन ओप्पोचा, त्यांच्या स्वतःच्या सुपरवूक पद्धतीनं ६५ वॅटला चार्ज होणारा. मूळ चार्जर एसटीत राहिला म्हणून त्यानं दुसऱ्या कंपनीचा ६५ वॅटचा पीडी, म्हणजे यूएसबीच्या सामायिक पॉवर डिलिव्हरी पद्धतीचा चार्जर घेतला होता. आकडा तोच, चार्जरही अस्सल, पण पूर्वी पाऊण तासाच्या आत भरणारा फोन आता दोन तास घ्यायचा.

बेळगावच्या शहापुरातल्या माझ्या दुकानात आठवड्याला असे तीन-चार जण येतात आणि सगळ्यांची चूक एकच असते. खोक्यावरचे वॅट बघायचे, बोली बघायची नाही.

चार्जर आणि फोन जोडले की आधी बोलणी होतात. पीडी चार्जर टाइप-सीच्या सीसी नावाच्या पिनेवरून सांगतो, “माझ्याकडं ५, ९, १५, २० व्होल्ट आहेत, काय देऊ?” सुपरवूकची बोली वेगळी. ६५ वॅटचा तो चार्जर १० व्होल्टला साडेसहा अँपिअर देतो, म्हणजे व्होल्टेज कमी आणि करंट भरपूर. पीडीच्या यादीत तसला माल नसतो. आपल्या बाजारात मराठी गिऱ्हाईक आणि कानडी दुकानदार शेवटी हातवाऱ्यांवर आणि मोडक्या हिंदीवर व्यवहार उरकतात, तसं हे दोघं सामायिक तेवढ्यावर भागवतात. कधी ९ व्होल्ट, नाहीतर मुकाट ५.

मी मध्ये यूएसबी मीटर लावला. फोन ३० टक्के, थंड. मीटरवर ९ व्होल्ट, दीड अँपिअर, म्हणजे साडेतेरा वॅट. त्याची बॅटरी ४५०० एमएएचची, म्हणजे साधारण साडेसतरा वॅट-तासांची. उष्णतेत वाया जाणारं आणि शेवटी मंदावणारं धरलं तर दोन तास बरोबर येतात. फोन, चार्जर, केबल, कशातच बिघाड नव्हता. पोराला ते पटेना. त्याला काहीतरी बिघडलेलंच हवं होतं.

माझी सवय सांगतो. चार्जर घेताना मी खोक्याची पुढची बाजू वाचतच नाही. चार्जरच्या पोटावरची बारीक अक्षरं वाचतो, मोबाइलनं फोटो काढून मोठी करून. सॅमसंगचा २५ वॅटचा चार्जर बघा. त्यावर `9V 2.77A` आहेच, पण `3.3–11V 2.25A` अशी दुसरी ओळही आहे. दोन आकड्यांच्या मधे आडवी रेघ असलेली ही ओळ म्हणजे पीपीएस. त्यात फोन व्होल्टेज बारीक पायऱ्यांनी मागून घेतो, एका पायरीला २० मिलिव्होल्ट. ही ओळ नसलेला पीडी चार्जर लावला तर ‘सुपर फास्ट’च्या जागी नुसतं ‘फास्ट’ दिसतं, मग चार्जर १०० वॅटचा का असेना. सुपरवूकसारखी घरची बोली असेल तर मात्र सरळ त्याच बोलीचा चार्जर घ्या. पोरानं शेवटी तेच केलं, कुरकुरत.

आता बाकीच्या चुका. जास्त वॅटच्या चार्जरनं फोन जळतो ही भीती. नाही जळत. किती घ्यायचं ते फोन ठरवतो.

८५ टक्क्यांवर वेग मोजणं. तिथं सगळेच फोन हळू होतात. २० ते ५० टक्क्यांत मोजा.

केबल म्हणजे नुसती तार, असं समजणं. साध्या सी-टू-सी केबलला ३ अँपिअरची मर्यादा आहे. ५ अँपिअरसाठी प्लगमध्ये ई-मार्कर नावाची चिप लागते आणि ती दिसली नाही तर चार्जर ३ च्या वर जातच नाही. ही अडवणूक उगाच नाही. माझ्याकडच्या एका स्वस्त दोन मीटरच्या केबलचा जाण्यायेण्याचा रोध पाव ओहम भरला. ३ अँपिअरला त्यात पाऊण व्होल्ट गळतो आणि सव्वादोन वॅट उष्णता होते. तीच केबल साडेसहा अँपिअरला लावली तर दहा वॅटच्या वर उष्णता त्या तारेत आणि प्लगमध्ये. म्हणून घरची बोली बोलणारे फोन आपली केबल ओळखल्याशिवाय मोठा करंट उघडत नाहीत. प्लग तापून त्याला बोट लावून ठेववत नसेल तर ती केबल मी कापूनच टाकतो. ठेवली की घरातलं कुणीतरी परत लावतंच.

आता जिथं खरोखर वस्तू मरते ती चूक. टाइप-सीचा पहिला नियम असा की बोलणी होईपर्यंत ५ व्होल्टच्या वर जायचं नाही. हा नियम मोडणारी एक छोटी वस्तू बाजारात मिळते. एका बाजूला वायफाय राउटरच्या अडॅप्टरची गोल पिन बसते, दुसऱ्या बाजूला टाइप-सी. आत चिप नाही, काही नाही, नुसत्या दोन तारा.

निपाणीकडचे एक काका अशीच एक घेऊन आले होते. राउटरचा १२ व्होल्टचा अडॅप्टर घरी पडून होता, “वाया का घालवायचा?” म्हणून कन्व्हर्टर लावला. आधी फोनला लावला. काहीच झालं नाही, चार्जिंगचं चिन्हसुद्धा नाही. फोनमधल्या ओव्हरव्होल्टेजच्या संरक्षणानं दार लावून घेतलं होतं. काकांना वाटलं अडॅप्टर मेलाय, म्हणून खात्रीसाठी मुलाच्या इअरबड्सच्या डबीला लावला. ५ व्होल्टवर चालणाऱ्या त्या डबीत असलं संरक्षण नव्हतं. मी ती उघडली तेव्हा चार्जिंगच्या चिपवर मोहरीएवढं भोक होतं आणि जळक्या प्लास्टिकचा वास दुकानभर. काका मलाच विचारतात, “फोनला चाललं, मग याला काय झालं?” फोनला चाललं नव्हतं, काका. फोन वाचला होता.

असला कन्व्हर्टर घरात असेल तर आजच फेका. चार्जरवर शंका असेल तर तो आधी फोनला लावूच नका. नुसता मीटर लावा, पुढं काहीही न जोडता. चांगला सी चार्जर अशा वेळी ५ व्होल्ट दाखवतो किंवा मीटर पेटतच नाही. न मागता ९ किंवा १२ दाखवणारा चार्जर माझ्या दुकानात उरत नाही. अडॅप्टरवर बीआयएसचा `R-` नं सुरू होणारा नंबर असतो, तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघायला अर्धा मिनिट लागतो. ‘शंभर रुपयात ६५ वॅट’ आणणाऱ्यांना तेवढाही धीर नसतो.

एक पावसाळी गोष्ट. जांबोटी, कणकुंबीकडचे फोन जुलैत हळू झाले तर मी चार्जरला हातच लावत नाही, आधी टॉर्च मारून पोर्ट बघतो. ओल जाऊन सीसीची पिन काळी पडली की बोलणीच होत नाहीत, फोन गचाळ ५ व्होल्टवर येतो, नाहीतर चार्जिंगच घेत नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीनं कचरा काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ब्रश फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचं. सुई घालायची नाही. खानापूरच्या त्याच पोराच्या मित्रानं सुई घातली होती, त्याचा पोर्ट बदलायला परवा टाकलाय.