ई-तिकीट आहे, पण आयडी फक्त फोनमध्ये? या चुका टाळा

ई-तिकिटावर प्रवास करताना त्या पीएनआरवरच्या किमान एका प्रवाशाकडे मूळ ओळखपत्र हवं, हे तिकिटाखालच्या सूचनांमध्ये लिहिलेलं असतं. त्या सूचना कुणी वाचत नाही. मग दर सुट्टीत नात्यातल्या कुणाचा तरी गाडीतून फोन येतो, "टीसी आधारचा फोटो चालत नाही म्हणतोय, काय करू?" टीसी समोर उभा असताना करण्यासारखं फार थोडं उरतं. घरून निघण्यापूर्वी मात्र दहा मिनिटांत सगळं नीट करता येतं. म्हणून त्याच त्याच चुका एकदा सविस्तर लिहितो आहे.

गॅलरीतला फोटो म्हणजे आयडी, असं समजणं

ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आधार कार्डाचा मोबाइलने काढलेला फोटो, व्हॉट्सअॅपवर आलेला स्कॅन, झेरॉक्स, यातलं काहीही मूळ ओळखपत्र धरलं जात नाही. एखादा टीसी सोडून देतो आणि लोकांना तो नियमच वाटायला लागतो. "मागच्या वेळी चाललं होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की चीडच येते. मागच्या वेळी तुम्हाला सवलत मिळाली होती, हक्क नव्हे.

फोनवरचं काय चालतं, तर तीन गोष्टी. पहिली एमआधार. रेल्वेने सप्टेंबर २०१७ मध्ये हे अॅप ओळखपत्र म्हणून मान्य केलं. प्रवाशाने टीसीसमोर स्वतःच्या फोनवर पासवर्ड टाकून अॅप उघडायचं आणि आधार दाखवायचं. त्याचा स्क्रीनशॉट पुन्हा फोटोच ठरतो. दुसरी डिजिलॉकर. जुलै २०१८ च्या रेल्वेच्या आदेशाप्रमाणे डिजिलॉकरमधलं आधार आणि ड्रायव्हिंग लायसन्स ग्राह्य आहे. तिसरी ई-आधार, म्हणजे यूआयडीएआयच्या साइटवरून उतरवलेली, पासवर्ड टाकून उघडणारी पीडीएफ. पासवर्डमध्ये आधारवरच्या नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल असतं. ही पीडीएफ फोनमध्ये ठेवून थांबू नका, प्रिंट काढा. फोन बंद पडला तरी कागद पाकिटात राहतो.

डिजिलॉकरमध्ये लोक फसतात ते एकाच ठिकाणी. त्यात दोन कप्पे आहेत. `Issued Documents` मध्ये सरकारी खात्याकडून थेट आलेला दस्तऐवज असतो. `Uploaded Documents` मध्ये तुम्ही स्वतः चढवलेलं काहीही असू शकतं. रेल्वेचा आदेश फक्त पहिल्या कप्प्याला मान्यता देतो आणि दुसरा कप्पा चालणार नाही असं स्पष्ट सांगतो. आधारचा फोटो काढून डिजिलॉकरमध्ये चढवला म्हणून तो मूळ होत नाही, तो आधीसारखा फोटोच. घाईत असलेली मंडळी नेमकं हेच करतात, कारण दुसऱ्या कप्प्यात फोटो टाकायला ओटीपी लागत नाही. पहिल्या कप्प्यात आधार आणायचं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाइल बऱ्याचदा दुसऱ्याच कुणाकडे असतो.

एका कुटुंबाला एक आयडी पुरतो, असं धरून चालणं

हा माझ्या दृष्टीने सर्वांत महागात पडणारा गैरसमज आहे, कारण तो अर्धा खरा आहे. एक आयडी पुरतो तो एका पीएनआरला. साध्या बुकिंगमध्ये एका तिकिटावर जास्तीत जास्त सहा जण बसतात, तत्काळमध्ये चार. माणसं जास्त झाली की तिकिटं दोन होतात, आणि मग प्रत्येक तिकिटासाठी त्या तिकिटावरच्याच एका माणसाचं मूळ ओळखपत्र लागतं.

एका गणपतीला आम्ही आठ जण दादरहून सावंतवाडीला निघालो होतो. एका तिकिटावर काका-काकूंसह सहा जण, दुसऱ्यावर माझी दोन चुलत भावंडं. काकांकडे आधार कार्ड होतं आणि सगळे निर्धास्त होते. चिपळूण सोडल्यावर टीसी आले. काकांचं तिकीट झालं. दुसऱ्या तिकिटासाठी थोरल्याने फोन पुढे केला, व्हॉट्सअॅपवर आईने पाठवलेला आधारचा फोटो. टीसी म्हणाले, "हा नाही चालणार. डिजिलॉकर उघडा, नाहीतर कार्ड दाखवा." काकांनी मध्ये पडून स्वतःचं कार्ड पुन्हा दाखवलं. टीसींनी शांतपणे सांगितलं की तुमचं नाव या पीएनआरवर नाही. त्यांचं अगदी बरोबर होतं.

मग त्या मुलाने डिजिलॉकर डाउनलोड करायला घेतलं. कोकण रेल्वेवर, संगमेश्वर ओलांडल्यावर! एक बोगदा संपला की दुसरा, आणि उक्षी सोडलं की करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा. अॅप कसंबसं उतरलं, तर ओटीपी गेला आईच्या फोनवर, डोंबिवलीला. आईने तो सांगेपर्यंत रेंज गेली. पुन्हा मागवला, पुन्हा फोन तुटला. टीसींनी रत्नागिरीपर्यंत वेळ दिला होता, तो असाच संपत आला.

शेवटी मी धाकट्याला सॅक रिकामी करायला लावली. चार्जर, बिस्किटांचा पुडा, आणि तळाला निळ्या दोरीत गुंडाळलेलं कॉलेजचं ओळखपत्र. फोटो लावलेलं, चालू वर्षाचं. मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजचं फोटो असलेलं विद्यार्थी ओळखपत्र रेल्वेच्या यादीत आहे. टीसींनी ते पाहिलं, चार्टवरच्या नावाशी ताडलं आणि पुढे गेले. दोन तास घाम गाळला तो सगळा वेळ चालणारं ओळखपत्र सॅकमध्ये पडून होतं, कारण आयडी म्हणजे आधार एवढंच डोक्यात बसलेलं.

ते सापडलं नसतं तर? आयडी नसेल तर त्या पीएनआरवरचे सगळे प्रवासी विनातिकीट धरले जातात. विनातिकीट म्हणजे पूर्ण भाडं आणि वर तेवढाच जादा आकार, तोही किमान २५० रुपये. समजा माणशी भाडं ४०० रुपये, तर प्रत्येकी ८०० आणि दोघांचे १,६००. भाडं २०० असतं तर जादा आकार २५० लागून माणशी ४५० झाले असते. ई-तिकिटाला आधी मोजलेले पैसे यातून वजा होत नाहीत.

मग यादीत आहे तरी काय

आधार, निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, पॅन कार्ड, आरटीओचं ड्रायव्हिंग लायसन्स. ही तर सर्वांना माहीत असतात. त्याखेरीज केंद्र किंवा राज्य सरकारने दिलेलं अनुक्रमांक असलेलं फोटो ओळखपत्र, सरकारी उपक्रम, जिल्हा प्रशासन, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीने दिलेलं तसंच ओळखपत्र, विद्यार्थी ओळखपत्र, राष्ट्रीयीकृत बँकेचं फोटो लावलेलं पासबुक आणि फोटो असलेलं क्रेडिट कार्ड. गावाकडच्या वयस्कर माणसांचं पासबुक बहुधा हाताशी असतं, त्यांना ते आवर्जून बरोबर घ्यायला सांगा. फक्त आतल्या पानावर फोटो चिकटवलेला आहे ना, तो बघून घ्या.

खासगी कंपनीचं आयडी या यादीत नाही. पुण्याहून शुक्रवारी रात्री सुटणाऱ्या गाड्यांत गळ्यात कंपनीचं कार्ड अडकवलेली मुलं मोठ्या आत्मविश्वासाने तेच पुढे करतात. कंपनी कितीही मोठी असो, ते चालत नाही. साधं एटीएम कार्डही नाही. रेशन कार्डाच्या साक्षांकित झेरॉक्सबद्दल जे ऐकलेलं असतं ते खिडकीवर काढलेल्या स्लीपर आणि सेकंड सिटिंगच्या तिकिटांसाठी आहे, ई-तिकिटाला लावू नका.

तत्काळबद्दल नवा गोंधळ झालाय. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकीट काढायला आधारशी जोडलेलं खातं लागतं. ही अट तिकीट काढणाऱ्यासाठी आहे. गाडीत यादीतलं कुठलंही मूळ ओळखपत्र दाखवता येतं.

थोडक्यात आटोपणाऱ्या चुका

तिकीट आणि आयडी यांची गल्लत करू नका. ई-तिकिटाचा रेल्वेकडून आलेला एसएमएस किंवा फोनवरचं तिकीट चालतं, प्रिंट लागत नाही. तेही नसेल, पण चार्टवर नाव आणि हातात मूळ आयडी असेल, तर तिकिटामागे ५० रुपये भरून सुटता येतं. उलट खिडकीवर काढलेल्या तिकिटाचा फोनमधला फोटो म्हणजे तिकीट नव्हे. ते कागदी तिकीट सोबतच हवं.

बुकिंग करताना "पिंट्या", "बाळू" असली घरची नावं टाकू नका. आयडीवरचं नाव टाका.

ज्याच्याकडे आयडी आहे तो ऐनवेळी आला नाही किंवा मध्येच उतरला, तर बाकीच्यांचं काय, हे आधी ठरवा. मी प्रत्येक तिकिटावरच्या दोघांना तरी मूळ कार्ड घ्यायला लावतो.

फोनवरच भिस्त असेल तर आदल्या रात्री घरच्या वायफायवर सगळं उघडून बघा. एमआधारमध्ये प्रोफाइल एकदा उतरवलं की रेंज नसतानाही दाखवता येतं, म्हणून कोकणच्या मार्गावर मी डिजिलॉकरपेक्षा त्याला पसंती देतो. डेटा बंद करून अॅप उघडा. उघडलं तर गाडीतही उघडेल. चार अंकी पिन आठवतोय का, तेही तेव्हाच कळतं.

आणि तरीही फक्त फोटोच असेल तर

टीसी यायची वाट बघू नका. मोठ्या स्टेशनवर गाडी थांबते तिथे रेंज असते, तेवढ्यात ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार आहे त्याला आधी फोन करून तयार ठेवा आणि मगच ओटीपी मागवा. तो दहा मिनिटंच चालतो. त्याच पीएनआरवरच्या प्रत्येकाचं पाकीट आणि सॅक उघडून बघा, लायसन्स, पॅन किंवा कॉलेजचं कार्ड निघतं. टीसी आले की फोटो पुढे करून वाद घालू नका. काय उघडायचा प्रयत्न चाललाय ते सांगा आणि पुढच्या स्टेशनापर्यंत वेळ मागा. तो द्यायचा की नाही हे त्यांच्या हातात आहे.

पैसे भरायची वेळ आलीच, तर जादा भाड्याची पावती घेतल्याशिवाय देऊ नका. तिच्यावर प्रवाशांची संख्या, कुठून कुठपर्यंत, भाडं आणि जादा आकार वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते जागीच वाचा. पावतीत चूक वाटली तर तिथेच विचारा, आणि तिचा फोटो काढून ठेवला तरी मूळ पावती उतरेपर्यंत जवळ ठेवा, कारण पुढच्या टप्प्यात दुसरे टीसी आले तर तीच तुमचं तिकीट आहे.