‘हलकी रेड’ असं लिहू नका: वाइनच्या शेल्फ कार्डावरच्या चुका

कोथरूडच्या आमच्या दुकानात वाइनच्या रॅकवर बाटल्यांखाली हाताने लिहिलेली छोटी कार्डं लावायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. पोस्टकार्डाच्या अर्ध्या आकाराचं कार्ड, त्यावर चार ओळी. सगळ्यात जास्त वेळा फाडून पुन्हा लिहिलेलं कार्ड एकाच बाटलीचं आहे: नाशिककडची एक झिनफँडेल, फळाच्या चवीची, सोपी रेड. ‘रेड नको हो, फार हेवी असते’ असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ती ठेवलेली. वाइन चांगलीच होती, पण कार्डामुळे ती चुकीच्या माणसाच्या हातात जायची. माझं पहिलं कार्ड असं होतं:

‘हलकी, फ्रूटी रेड. चेरी, रास्पबेरी व जांभळाचा स्वाद. सॉफ्ट टॅनिन. नवशिक्यांसाठी उत्तम. रूम टेंपरेचरला प्यावी.’

या पाच छोट्या वाक्यांतलं प्रत्येक वाक्य कुठे ना कुठे अडलं.

पहिला शब्दच घ्या. मराठीत ‘हलकं’ कापड म्हणजे कमी प्रतीचं कापड, ‘हलकी’ दारू म्हणजे स्वस्तातली. किमतीच्या स्टिकरशेजारी ‘हलकी’ लिहिलं की वाचणारा मनात प्रत ठरवून टाकतो. एक काका बाटली हातात घेऊन म्हणाले, “हलकी नको, पाहुणे येणारेत. जरा बरी दाखवा.” मी घाईने ‘माइल्ड’ करून बघितलं, तर दुसरीच पंचाईत. बिअरमुळे आपल्याकडे माइल्ड म्हणजे कमी चढणारी असा अर्थ पक्का बसलाय. या बाटलीत साडेबारा टक्के अल्कोहोल आहे, म्हणजे नेहमीच्या बिअरपेक्षा बरंच जास्त. तिला माइल्ड म्हणणं ही गिऱ्हाइकाची दिशाभूल झाली. ‘पातळ’ तर आमटीच्या तक्रारीतला शब्द.

मग ‘हेवी नको’ म्हणणाऱ्याला नक्की काय नको असतं? हे मी विचारायला लागलो आणि कार्ड सुधारत गेलं. बहुतेकांचं उत्तर एकच निघतं: तोंड कोरडं पडतं, जीभ ओढल्यासारखी होते. तो टॅनिनचा परिणाम. द्राक्षाची साल, बिया आणि देठ यांतून टॅनिन रसात उतरतं, आणि काही प्रमाणात ओकच्या पिंपातूनही येतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंडातला ओलसरपणा गेल्यासारखा वाटतो. खूप उकळलेला बिनदुधाचा चहा, सुपारी, कच्चं केळं यांनी हेच होतं. यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे: तुरट. ‘सॉफ्ट टॅनिन’ वाचून कोणी काही विचारत नाही आणि कोणाला काही कळतही नाही. ‘तुरट नाही’ लिहिलं की कळतं.

थोड्या लोकांचं ‘हेवी’ वेगळं असतं. कोणाला घशात ऊब जाणवते ती नको असते, ते अल्कोहोल. साडेचौदा टक्क्यांच्या वाइनमध्ये ते स्पष्ट कळतं. कोणाला पिंपात मुरलेल्या वाइनचा लाकडी, धुरकट वास नको असतो. म्हणून कार्ड लिहिण्याआधी बाटली स्वतः उघडा. घोट तोंडात दहा सेकंद फिरवून थुंका आणि जीभ वरच्या हिरडीवरून सरकवून बघा. सहज सरकली तर तुरटपणा कमी. लगेच शेल्फवरच्याच एखाद्या तुरट कॅबरने सोविन्यॉनचा घोट घ्या, फरक जिभेलाच समजेल. नुसत्या द्राक्षाच्या नावावर विसंबू नका. झिनफँडेल म्हणून आलेली एखादी कॅलिफोर्नियाची बाटली पंधरा टक्क्यांची आणि चांगलीच भरदार निघू शकते. लेबलावरचा आकडा आणि आपली जीभ, दोन्ही हवंत.

आता ‘फ्रूटी’. या शब्दाने मला सगळ्यात जास्त त्रास दिला. सहकारनगरच्या एक काकू दुसऱ्या दिवशी अर्धी बाटली घेऊन परत आल्या. “अरे, फ्रूटी लिहिलंयस आणि ही तर आंबट!” त्यांचं बरोबर होतं. आपल्या कानाला फ्रूटी म्हणजे आंब्याचं गोड पेय. वाइनच्या भाषेत त्याचा अर्थ फळाचा वास आणि फळाची आठवण एवढाच, साखर असेलच असं नाही. या वाइनमध्ये द्राक्षातली जवळजवळ सगळी साखर आंबून अल्कोहोल झालेली आहे. नाकाला स्ट्रॉबेरी येते, त्यामुळे जीभ गोडाची वाट बघते, आणि गोड न मिळाल्यावर उरलेला आंबटपणा दुप्पट टोचतो. हे टाळायला दोन शब्द पुरतात, ते फळाच्या शेजारीच लिहायचे: ‘गोड नाही’. गोडच हवी असेल त्या गिऱ्हाइकाला ती ओळ वाचून वेळेत कळतं, आणि त्याला दुसरी बाटली दाखवता येते.

फळं कोणती लिहायची यातही मी चुकलो. रास्पबेरी पुण्यात किती जणांनी झाडाची खाल्ली असेल? मग आपलं फळ लिहावं म्हणून मी अभिमानाने जांभूळ लिहिलं. वाइनच्या रंगाला आणि वासाला ते शोभतंही. पण जांभूळ म्हटल्यावर आपल्याला आधी काय आठवतं? जांभळी झालेली, आखडलेली जीभ. तुरट नको म्हणणाऱ्या माणसाला मी जगातल्या एका तुरट फळाचं नाव सांगत होतो! करवंदाचंही थोडं तसंच. शेवटी बाटलीशेजारी खरी फळं ठेवून वास घेत बसलो. महाबळेश्वरची पिकलेली, थोडी मऊ पडलेली स्ट्रॉबेरी वासाला जुळली. चवीला डाळिंबाचे दाणे, गोडसर आंबट, पटकन संपणारे. डाळिंबाचं साल मात्र कडू-तुरट, म्हणून ‘डाळिंबाचे दाणे’ असंच लिहायचं. दोन फळं बास. तिसरं लिहिलं की गिऱ्हाईक ते ग्लासात शोधत बसतं आणि नाही सापडलं तर स्वतःला दोष देतं.

‘नवशिक्यांसाठी’ हे वाक्य तर काढूनच टाका. तुरट न आवडणं ही आवड आहे. वीस वर्षं वाइन पिणारी माणसंही दुपारच्या जेवणाबरोबर अशीच बाटली मागतात, आणि चार लोकांसमोर ‘नवशिक्यांसाठी’ची बाटली उचलायला कोणालाही नको वाटतं. ‘लेडीज स्पेशल’ लिहिणारी कार्डंही मी पाहिली आहेत. तो त्या गिऱ्हाइकाचा अपमान आहे. ‘हृदयाला चांगली’, ‘डोकं दुखत नाही’ असलंही काही लिहू नका. बाटलीवर आरोग्याचा इशारा छापलेला असताना खाली आपण उलटं सांगणं बरं नाही, आणि कोणाचं डोकं कशाने दुखेल हे दुकानदाराला माहीत नसतं.

शेवटचं वाक्य, रूम टेंपरेचर. हा शब्द थंड देशांतल्या घरांवरून आला, तिथे खोली सोळा-अठरा अंशांची. एप्रिलमध्ये पुण्यातलं बंद फ्लॅटमधलं कपाट तीस-बत्तीसला असतं. त्या तापमानाला हीच वाइन प्यायली की अल्कोहोलचा वास पुढे येतो, फळ मागे पडतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, “हीसुद्धा हेवीच की.” अशा सोप्या रेडला साधारण तेरा ते पंधरा अंश मानवतात. पूर्वी मी ‘अर्धा तास फ्रिजमध्ये’ लिहायचो. घरी थर्मामीटर लावून पाहिलं तेव्हा कळलं की डिसेंबरातही तासभर तरी लागतो, उन्हाळ्यात त्याहून बराच जास्त. बत्तिसावरून पंधराच्या आसपास यायला दोन-अडीच तास लागतात. रात्रभर ठेवली तर उलट बिघडतं: फार गार वाइनचा वास मिटतो आणि असलेला थोडासा तुरटपणा टोकदार होतो. तेव्हा बाहेर काढून थोडा वेळ थांबायचं.

जेवणाचा उल्लेख जरूर करा, पण विचार करून. तांबड्या रश्श्याबरोबर किंवा झणझणीत मिसळीबरोबर कुठलीही रेड जास्त जळजळीत लागते, कारण तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना वाढवतात. गोड्या मसाल्याची, दाण्याच्या कुटाची भरली वांगी मात्र या बाटलीबरोबर फार छान जमतात. दाण्याचा स्निग्धपणा आणि वाइनचा आंबटपणा एकमेकांना सांभाळून घेतात.

सध्या लावलेलं कार्ड असं आहे:

‘तुरट रेड आवडत नाही? मग ही बघा.
वासाला पिकलेली स्ट्रॉबेरी, चवीला डाळिंबाचे दाणे. गोड नाही. घोट गेल्यावर तोंड कोरडं पडत नाही.
उन्हाळ्यात दोन-अडीच तास, थंडीत तासभर फ्रिजमध्ये ठेवून प्या.
भरली वांगी, पनीर टिक्का, कमी तिखट चिकन.
झिनफँडेल, नाशिक, २०२४. अल्कोहोल १२.५%.’

पहिली ओळ जाड मार्करने, हातभर अंतरावरून वाचता येईल अशी. बाकी बारीक चालतं, कारण पहिली ओळ ज्याला लागू पडते तो वाकून वाचतोच.

एवढं करूनही कोणी ‘कार्डावर लिहिलंय तशी नाही’ म्हणत बाटली आणली तर वाद घालू नका, ग्लासात ओतून वास घ्या. गार करून फळ परत आलं तर तापमानाचा प्रश्न होता. ताज्या स्ट्रॉबेरीऐवजी मनुका, मुरांबा, शिजवलेल्या फळासारखा वास आला आणि बूच वर सरकलेलं दिसलं, तर बाटलीला ऊन लागलंय. रॅकच्या वरच्या खणावर दुपारचं पश्चिमेचं ऊन येतं का ते बघा, आमच्याकडे येत होतं. व्हिनेगरसारखा किंवा कापलेल्या, काळ्या पडलेल्या सफरचंदासारखा वास आला तर उघडून किती दिवस झाले ते विचारा. उघडलेली बाटली झाकण लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवसच चांगली राहते. बाटलीच खराब निघाली तर बदलून द्या. सहकारनगरच्या काकूंची वाइन ठणठणीत होती, माझा शब्द चुकला होता, म्हणून त्यांनाही बदलून दिली.

या जातीच्या वाइन ताज्या असतानाच प्यायच्या असतात. द्राक्षं निघाल्यापासून दोन-तीन वर्षांत फळाचा वास ओसरायला लागतो. म्हणून कार्डाच्या मागे पेन्सिलीने मी चव घेतल्याची तारीख लिहितो. नवी पेटी आली की आधी लेबलावरचं वर्ष बघायचं. ते बदललेलं असेल तर जुनं कार्ड उतरवायचं, एक बाटली उघडायची आणि पुन्हा घोट घेऊन जीभ हिरडीवरून सरकवून बघायची.